भुंगेराजन्य त्वचाशोथ
पीडेरस वंशातील भुंगेरे त्वचेवर चिरडल्यामुळे होणारा दाह. पीडेरस फ्युसिपीस ही जाती भारतात भातशेतीच्या व ओलसर जमिनीच्या परिसरात आढळते. कीटक ७ ते १० मिमी. लांब, डोके व पोटाचे टोक काळे, मधला भाग नारिंगी, आखूड पंखकवचे निळसर. पावसाळ्यात तो रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. अपाय त्याच्या शरीरद्रवातील पीडेरिन या विषामुळे होतो.

या कीटकाचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ७३९ च्या सुमारास लिहिलेल्या एका चिनी औषधिग्रंथात असावा, असे मानले जाते. त्यात गोंदण काढण्यासाठी वापरलेल्या विषारी कीटकाचे वर्णन आहे. ही ओळख संभाव्य असली तरी निर्णायक नाही. पीडेरिन १९५३ मध्ये इटलीत सुमारे अडीच कोटी कीटकांपासून वेगळे काढण्यात आले. त्याची अचूक संरचना १९६८ मध्ये ठरली. ते कीटक स्वतः तयार करतो, असा पूर्वी समज होता. मात्र मादीच्या शरीरातील स्यूडोमोनास-सदृश सहजीवी जंतू ते तयार करतात, हे मत २००२ मधील जनुकीय पुराव्यानंतर अधिक ग्राह्य ठरते. पीडेरिन पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते. त्यामुळे परिणाम दिसायला वेळ लागतो.

दिव्याखाली झोपलेल्या माणसाच्या मानेवर कीटक चालला व झोपेत हाताने घासला गेला, तर सकाळी बहुधा काहीच दिसत नाही. साधारण १२ ते ४८ तासांत हात ज्या दिशेने फिरला त्याच दिशेने लाल, जळजळणारा पट्टा उठतो. पुढे त्यावर बारीक पाण्याचे किंवा पुवाचे फोड येतात. कोपराच्या घडीत विष लागल्यास समोरासमोरच्या त्वचेवर जुळे चट्टे उमटतात. पट्टा पाहून ही नागीण समजली जाते. नागिणीत मात्र चट्टे शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या पट्ट्यात असतात व दुखणे अनेकदा आधी सुरू होते. चट्टे सहसा एक ते तीन आठवड्यांत बरे होतात. काळसर डाग अधिक काळ राहतो.

अंगावर कीटक दिसल्यास चापट मारू नये. फुंकर मारून वा कागदावर चढवून दूर करावा. चिरडला गेल्यास ती जागा व हात लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवावेत, कपडे व चादर धुण्यास टाकावी. हात न धुता डोळे चोळल्यास विष तेथे पोचते आणि पापण्या सुजतात. डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याची धार धरून त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चट्ट्यावर थंड ओल्या घड्या ठेवाव्यात. स्टेरॉइड मलम वैद्यकीय सल्ल्यानेच, चेहऱ्यावर विशेष जपून लावावे. फोड फोडू नयेत. चुना, टूथपेस्ट, लिंबू किंवा नागिणीसाठी लावले जाणारे लेप टाळावेत, कारण सोललेल्या त्वचेवर त्यांनी दाह वाढतो. ताप, पसरणारी लाली वा वाढता पू ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. अशा वेळी प्रतिजैविके लागू शकतात.