स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर: रिझल्ट्समध्ये कुठे काय द्यायचं

स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी, मराठी पुस्तकात प्रमाण विचलन) सांगतं की सॅम्पलमधली माणसं एकमेकांपासून किती वेगवेगळी आहेत, आणि स्टँडर्ड एरर (एसई) सांगते की आपण काढलेली सरासरी किती भरवशाची आहे. SE = SD / √n, त्यामुळे सॅम्पल वाढवलं की एसई कमी होत जाते, एसडी मात्र साधारण तिथेच राहतं, कारण जास्त माणसं मोजली म्हणून माणसं काही एकसारखी होत नाहीत.

समजा दोन गट आहेत, प्रत्येकी २५ जण, वरचं बीपी सरासरी १३२ आणि १२५, दोन्हीकडे एसडी १५. म्हणजे एसई ३. पहिल्या टेबलात, जिथे फक्त गट कसे आहेत एवढंच सांगायचंय, तिथे १५ च द्यायचं. बरेच जण ३ देतात कारण आकडा छोटा आणि नीटनेटका दिसतो, पण मग वाचणाऱ्याला वाटतं की जवळपास सगळ्यांचं बीपी १२६ ते १३८ मध्येच होतं, जे खऱ्या माणसांत होतच नाही.

आता तुलना. ग्राफवर एसईचे बार काढले तर एक १२९ ते १३५ आणि दुसरा १२२ ते १२८, बार एकमेकांना शिवतही नाहीत, बघणारा लगेच म्हणतो फरक सिद्ध झाला. पण फरकाची स्वतःची एसई √(९+९) म्हणजे साधारण ४.२ येते, आणि ७ च्या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सुमारे −१.५ ते १५.५, मध्ये शून्य आहेच, म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही. उलट गट १०० - १०० चे असते तर हाच इंटरव्हल सुमारे २.८ ते ११.२ आला असता, फरक स्पष्ट, आणि तरी एसडीचे बार (११७ ते १४७, ११० ते १४०) एकमेकांवर चढलेलेच दिसले असते. तेव्हा बार बघून निकाल लावायचाच नाही, तुलनेसाठी फरक आणि त्याचा इंटरव्हल सरळ लिहावा. एकट्या एसईला तिथेही फारसं काम उरत नाही, खरं सांगायचं तर.

सगळ्यात वैताग म्हणजे नुसतं "१३२ ± ३" लिहून सोडून देणं. हे काय आहे ते ओळखायला ३ ला √२५ ने गुणायचं, १५ आलं आणि बीपीसाठी ते पटण्यासारखं आहे, मग ती एसईच असणार. मेटा अॅनालिसिस करणाऱ्याने तोच ३ एसडी समजून घेतला तर ७/१५ म्हणजे ०.४७ चा इफेक्ट एकदम ७/३ म्हणजे २.३ होऊन बसतो.

त्याच माणसांचं आधी आणि नंतर मोजलं असेल तर दोन्ही वेळचं एसडी वेगवेगळं देऊन तुलना होत नाही, प्रत्येकाचा फरक काढून त्या फरकांचं एसडी लागतं, आणि इंटरव्हलसाठीची एसई त्यातूनच निघते.