१:१० चा टेपर आणि १९.९५ मिलिमीटरची थप्पी

गोव्यात मालीमच्या किंवा कुटबणच्या धक्क्यावर ओढून घेतलेल्या ट्रॉलरचा पंखा काढला की मागे शाफ्टचं निमुळतं टोक दिसतं. लहान बोटींत हा टेपर बहुधा १:१० असतो, म्हणजे दर १० मिमी लांबीला व्यास १ मिमीने घटतो. पंख्याचं भोक तपासायला त्याच टेपरचा प्लग गेज, म्हणजे भोकात घालायचा निमुळता पोलादी नमुना, वापरतात. निळा रंग लावून गेज भोकात फिरवला की कुठे टेकतो ते कळतं. पण गेजचाच कोन बरोबर आहे का, हे रंग सांगत नाही. त्यासाठी साइन बार लागतो.

साइन बार म्हणजे दोन सारख्या रोलरांवर बसवलेली सपाट पोलादी पट्टी. रोलरांच्या केंद्रांमधलं अंतर ठरलेलं असतं, इथे २०० मिमी धरू. अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर ठेवून एका रोलरखाली स्लिप गेजची, म्हणजे नेमक्या जाडीच्या गुळगुळीत पोलादी तुकड्यांची, थप्पी दिली की काटकोन त्रिकोण तयार होतो: कर्ण २०० मिमी, उभी बाजू थप्पीची उंची. रोलर एकाच व्यासाचे असल्यामुळे केंद्रांमधला चढ थप्पीइतकाच येतो. म्हणून:

उंची = २०० × कोनाचा साइन

आता कोन कोणता घ्यायचा? लेथवर कंपाउंड स्लाइड अर्ध्या कोनात फिरवतात, त्या सवयीने इथेही अर्धा घेतला जातो. पण बारवर गेज आपल्या खालच्या रेषेवर पडलेला असतो, त्यामुळे त्याची वरची रेष बारशी पूर्ण कोन करते. अर्ध्या कोनाचा टॅन ०.०५, म्हणून अर्धा कोन २°५१′४५″ आणि पूर्ण कोन ५°४३′२९″. त्याचा साइन ०.०९९७५०६, आणि उंची १९.९५० मिमी.

१:१० म्हणजे २०० ला २०, असा तोंडी हिशेब करून २० मिमीची थप्पी लावली, तर ०.०५ मिमीच्या त्या फरकाने कोन ५२ सेकंदांनी चुकतो आणि चांगला गेज नापास होतो.

८७ नगांच्या संचातून ही थप्पी १.४५, ८.५ आणि १० अशा तीन स्लिपांत होते. शेवटचा आकडा संपवणारी स्लिप आधी उचलायची. स्लिपा पुसून एकीवर एक आडवी ठेवायची, हलकं दाबत सरकवून वळवायची. चिकटताना हाताला किंचित ओढ जाणवते. खरखर लागली तर तिथेच थांबा, मध्ये कण आहे.

थप्पी गेजच्या बारीक टोकाकडच्या रोलरखाली जाते. गेज घसरू नये म्हणून खालच्या टोकाला स्टॉप लावा, आणि गेजचा अक्ष बारच्या कडेला समांतर ठेवा. तो २° तिरका बसला तरी साधारण १२ सेकंदांची चूक होते. मग स्टँडवरचा डायल इंडिकेटर जाड टोकाजवळ टेकवून स्टँड आडवा मागेपुढे सरकवा. काटा चढतो, थांबतो, उतरतो. वळणाचा तो आकडा म्हणजे त्या जागचा माथा. तसंच बारीक टोकाजवळ. दोन्ही आकडे सारखे आले तर गेजचा कोन बरोबर.

समजा, ८० मिमी अंतरावर बारीक टोक ०.०१२ मिमी उंच लागलं. ०.०१२ भागिले ८० म्हणजे ०.०००१५ रेडियन, सुमारे ३१ सेकंद. बार गेजपेक्षा एवढा जास्त कललाय, म्हणून गेजचा खरा कोन ५°४२′५८″. एवढ्यावर थांबू नये. थप्पी ०.०३ मिमीने कमी करायची, म्हणजे १.४५ काढून १.४२ लावायची, आणि पुन्हा पाहायचं. दोन्ही टोकांना काटा सारखा आला तर हिशेब पक्का.

गोव्याच्या उकाड्याची भीती इथे थोडी जास्तच बाळगली जाते. बार आणि स्लिपा दोन्ही पोलादी आणि एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात आणि साइन तोच राहतो. हातात धरून स्लिपा ५ अंशांनी जास्त तापल्या तरी या उंचीला फरक जेमतेम एक सेकंदाचा. याउलट रोलरखाली अडकलेला ०.०१ मिमीचा धुळीचा कण १० सेकंद खातो. खरी काळजी खाऱ्या दमट हवेची. पावसाळ्यात घामट बोटांचा ठसा स्लिपवर गंज धरतो, आणि गंजाचा उंचवटा थप्पीची उंचीही बिघडवतो आणि शेजारच्या स्लिपेलाही ओरखडतो. म्हणून स्लिपा चिकटलेल्या रात्रभर ठेवू नयेत. काम झालं की सोडवून, पुसून, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात देऊन पेटीत ठेवाव्यात.

कोन ४५ अंशांपलीकडे गेला तर साइन बार सोडून द्यावा. तिथे थप्पीतली तेवढीच चूक कोनात वाढत जाते: ६० अंशांवर ती शून्याजवळच्या दुप्पट होते.