पाककृती-व्हिडिओचे वर्णन

पाककृती-व्हिडिओखालच्या ज्या मजकुरात साहित्य, प्रमाण, लागणारा वेळ आणि किती जणांना पुरेल हे दिलेले असते, त्याला वर्णन म्हणतात. यूट्यूबवर ते ५००० अक्षरांपर्यंत लिहिता येते, पण न उघडता वाचकाला दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच. बरेच जण त्या जागी नमस्कार आणि सब्स्क्राइबची विनंती लिहितात, आणि शोधत आलेला माणूस पुढच्या व्हिडिओकडे वळतो.

गोव्याच्या बांगड्याच्या हुमणाचे वर्णन घेऊ. त्याची पहिली ओळ अशी असावी: ‘तिरफळं घातलेले गोव्याचे बांगड्याचे हुमण, ४ जणांसाठी, साफ केलेले बांगडे हाताशी असतील तर ४० मिनिटांत.’ पदार्थ कोणता, त्याचे वेगळेपण काय, किती जणांचा आणि किती वेळाचा, हे एवढ्यातच कळते. रोमन लिपीत फक्त human लिहिले, तर शोधात माणसांविषयीचे व्हिडिओही येणार. म्हणून पुढच्या वाक्यात Goan bangda curry हे लोक खरोखर टाइप करतात ते नाव घालावे. एकदा घातले की पुरे. खाली तीस नावांची स्वल्पविरामी रांग लावणे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही.

वर्णन फसते ते बहुधा प्रमाणात. ‘बांगडे ४ मध्यम’ याचा अर्थ मडगावच्या बाजारात एक आणि शीतपेटीतला मासा घेणाऱ्याला दुसराच. म्हणून ‘बांगडे ४, साफ करण्यापूर्वी मिळून सुमारे ६०० ग्रॅम’ असे लिहावे. साफ केल्यावर वजन बरेच घटते, तेव्हा ते आधीचे की नंतरचे हे सांगायलाच हवे. खोबऱ्याचेही तसेच. ‘अर्धा नारळ’ हे माप नारळागणिक बदलते आणि वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. ‘ओले खोबरे दीड वाटी (२०० मिलीची वाटी, न दाबता)’ असे लिहिले की रस किती दाट होईल याचा अंदाज येतो. वाटताना किती पाणी आणि नंतर किती, हेही द्यावे. इथे दोन्ही वेळा एकेक वाटी.

उरलेले साहित्य वापरण्याच्या क्रमाने येते: सुक्या ब्याडगी मिरच्या ८, धणे १ चमचा, हळद अर्धा चमचा, चिंच लहान लिंबाएवढी, अर्धा कांदा चिरून, तिरफळं ८ ते १०, मीठ. मिरचीचे नाव न दिल्यास कोणी तिखट जातीच्या आठ मिरच्या घालतो आणि हुमण खाता येत नाही. तिरफळांपुढे कंसात ‘काळी बी काढून, टरफल ठेचून, वाटपात घालू नये’ हे हवेच. वाटली गेली तर त्यांचा कडवट, जीभ बधिर करणारा उग्रपणा साऱ्या रसात उतरतो आणि मग काढता येत नाही. चिंचेऐवजी सोलं घालायची असतील, तर ती शेवटी, चव घेत घालावीत. त्यांचा आंबटपणा एकसारखा नसतो.

वेळ एकाच आकड्यात देण्यापेक्षा फोडून द्यावा. मिरच्या गरम पाण्यात भिजायला १५ मिनिटे लागतात, तेवढ्यात खोबरे खवून होते. वाटायला १० मिनिटे, शिजायला १५, एकूण ४०. शिजण्याच्या १५ पैकी बांगडे रसात असतात ते शेवटची ७-८ मिनिटेच, आणि हा वेळ रसाला कढ आल्यावर मोजायचा. हे लिहिले नाही तर मासा थंड रसात पडतो, जास्त वेळ राहतो आणि तुटतो. डाव न फिरवता भांडेच हलवावे, ही सूचनाही तिथेच शोभते. मुरायला अर्धा-एक तास ठेवणार असाल तर तो वेगळा लिहावा, चाळिसात मिसळू नये.

‘४ जणांसाठी’ म्हणजे प्रत्येकी एक बांगडा आणि भातावर घ्यायला रस. हुमणासोबत तळलेली मासळी असेल तर तेवढाच रस पाच-सहा जणांना पुरतो. कशासोबत वाढले ते सांगितल्याशिवाय माणसांचा आकडा अर्धवट राहतो.

शेवटी वेळखुणा:

```
0:00 तयार हुमण
0:25 साहित्य
1:40 वाटप
4:10 रसाला कढ
5:30 बांगडे घालणे
```

पहिली खूण 0:00 हवी, किमान तीन हव्यात, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करावेत.

व्हिडिओत तोंडून ‘एक चमचा’ गेले आणि वर्णनात अर्धा असला, तर कोणते बरोबर ते वर्णनात स्पष्ट लिहावे. चढवलेल्या व्हिडिओतला आवाज सहज बदलता येत नाही, वर्णन मात्र केव्हाही दुरुस्त करता येते.