घड्याळ पुढे-मागे पळतं तेव्हा: रेग्युलेटरची दांडी नेमकं काय करते

चावीचं किंवा ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ रोज थोडं पुढे किंवा मागे पळायला लागलं की त्याची गती परत जागेवर आणायची, या कामाला रेग्युलेशन म्हणतात. मागचं झाकण उघडल्यावर बॅलन्स व्हीलच्या वर जी छोटी दांडी दिसते, जिच्या शेजारी प्लस-मायनसच्या खुणा असतात, तिला रेग्युलेटर म्हणतात. जुन्या स्विस घड्याळांवर प्लस-मायनसऐवजी ए आणि आर ही अक्षरं असतात, इंग्रजी घड्याळांवर एफ आणि एस. गोव्यात अशी घड्याळं अजून बऱ्याच घरांत सापडतात. आजोबांची एचएमटी जनता, बोटीवर किंवा गल्फला असलेल्या मामाने आणलेली सायको फाइव्ह, पोर्तुगीज काळातलं एखादं स्विस घड्याळ. कपाटात पडलेलं असतं, कोणीतरी काढून चावी देतं, ते चालायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी कळतं की दोन मिनिटं मागे आहे.

बहुतेकांना वाटतं की ही दांडी घड्याळाला जोर कमी-जास्त देते, म्हणजे गॅस बारीक-मोठा करावा तसं काहीतरी. तसं नाहीये. जोर येतो चावी देताना गुंडाळल्या जाणाऱ्या मेन स्प्रिंगमधून, त्याच्याशी दांडीचा संबंधच नाही. बॅलन्स व्हील हे इकडून तिकडे झुलणारं चाक आहे आणि त्याला दर वेळी मागे खेचते ती केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग. तिचं आतलं टोक चाकाच्या दांड्यावर बसवलेलं असतं, बाहेरचं टोक स्टड नावाच्या छोट्या ठोकळ्यात पक्कं केलेलं असतं. रेग्युलेटरच्या दांडीला खालच्या बाजूला दोन बारीक पिना असतात आणि स्टडच्या थोडं अलीकडे स्प्रिंगचा सगळ्यात बाहेरचा वेढा त्या दोन पिनांच्या मधून जातो. स्प्रिंग स्टडपर्यंत पोचत असली तरी खरी काम करणारी लांबी आतल्या टोकापासून पिनांपर्यंतचीच, पिनांच्या पलीकडचा तुकडा जवळजवळ गप्प बसलेला असतो. सतारीवर पडद्यावर बोट दाबलं की तार तेवढीच राहते पण वाजणारी तार छोटी होते आणि सूर चढतो, तसंच इथे. दांडी प्लसकडे नेली की पिना स्टडपासून लांब सरकतात, काम करणारी स्प्रिंग छोटी होते, छोटी स्प्रिंग ताठ असते म्हणून चाक लवकर परत येतं आणि घड्याळ पुढे पळतं. मायनसकडे नेली की याच्या उलट. हेअरस्प्रिंग ही हायगेन्सची 1675 सालची गोष्ट आणि आज दिसते त्या धाटणीची दांडी जोसेफ बोस्ली या इंग्रज कारागिराच्या 1755 च्या पेटंटपर्यंत मागे जाते, त्यानंतर मूळ कल्पना फारशी बदललेलीच नाही.

हे किती नाजूक असतं ते आकड्यात बघितलं की दांडीला नखाने ढकलायची इच्छा आपोआप जाते. एका दिवसात 86,400 सेकंद. जनतासारखं घड्याळ सेकंदाला 5 टिक मारतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. रोज एक मिनिट मागे पडतंय म्हणजे त्यातल्या फक्त 300 टिका कमी पडतायत. झुलण्याचा वेळ स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, त्यामुळे वेळेत जेवढे टक्के फरक हवा त्याच्या दुप्पट टक्के लांबी बदलावी लागते. एक मिनिट म्हणजे दिवसाच्या साधारण 0.07 टक्के, तर लांबी 0.14 टक्के बदलायची. स्प्रिंग सरळ केली तर 10 सेंटीमीटर भरेल असं धरलं तर हा फरक होतो 0.14 मिलीमीटर, म्हणजे जाडसर कागदाच्या जाडीएवढा काहीतरी.

आता करायचं कसं. आधी घड्याळ रेग्युलेट करण्यालायक आहे का ते बघायचं, आणि माझ्या मते अर्धी घड्याळं इथेच नापास होतात, कारण ज्या घड्याळाचं तेल दहा वर्षांपूर्वी सुकलंय त्याची दांडी हलवून मिळालेली गती चार दिवसांत बिघडते. सर्व्हिसिंग झालेलं असेल तर सकाळी पूर्ण चावी द्यायची, तासभर चालू द्यायचं, मग डायल वर करून टेबलावर ठेवायचं. मोबाईलच्या वेळेशी फरक लिहून ठेवायचा, सेकंदासकट. काटे जुळवायची गरजच नाही, बऱ्याच जुन्या घड्याळांत चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही त्यामुळे ते नीट जुळतही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, परत चावी द्यायच्या आधी, पुन्हा फरक लिहायचा, दोन फरकांमधलं अंतर म्हणजे रोजची गती.

समजा सर्व्हिस करून आणलेली जनता आहे. काल सकाळी मोबाईलपेक्षा 12 सेकंद पुढे होती, आज 68 सेकंद मागे, म्हणजे रोज 80 सेकंद मागे. झाकण उघडायचं, पंखा बंद करायचा, चिमट्याऐवजी टोक काढलेली लाकडी काडी घ्यायची, कारण स्टीलचा चिमटा घसरला तर खाली हेअरस्प्रिंगच आहे आणि ती वाकली तर मग रेग्युलेशन विसरा. दांडीच्या टोकाला काडी लावून प्लसकडे अगदी डोळ्याला जेमतेम कळेल एवढं सरकवायचं. झाकण लावून, चावी देऊन, परत चोवीस तास. समजा आता 70 सेकंद पुढे पळाली. म्हणजे तेवढ्या सरकवण्याने 150 सेकंदांचा फरक पडला आणि त्यातले 70 जास्तीचे आहेत, तर जेवढं सरकवलं त्याच्या अर्ध्यापेक्षा जरा कमी परत मायनसकडे आणायचं. इथे नवखे लोक दांडी पूर्ण मागे आणतात आणि आठवडाभर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावे खात बसतात. आता समजा आली 18 सेकंद पुढे. टेबलावरच्या घड्याळासाठी हे चांगलंय आणि माझं ऐकाल तर इथेच थांबायचं.

का थांबायचं, तर घड्याळ काय टेबलावर राहत नाही. हातात असताना ते बराच वेळ उभं असतं, उभ्या स्थितीत चाकाच्या दांड्याची टोकं बाजूने घासतात, झोका कमी होतो आणि गती बदलते. याच घड्याळाचा हातात असतानाचा हिशोब काढला आणि तो दिवसाला 8 सेकंद मागे असा आला असं धरू. चौदा तास हातात म्हणजे साधारण 5 सेकंद मागे, रात्री दहा तास डायल वर करून टेबलावर म्हणजे साधारण 7 सेकंद पुढे. एकूण दोन-तीन सेकंद पुढे, जे जनतासाठी फारच छान. टेबलावर शून्य आणायच्या हट्टाने अजून 18 सेकंद कमी केले असते तर हातातही तेवढेच कमी होऊन घड्याळ रोज पंधरा सेकंद मागे पडलं असतं. दांडी सगळ्या स्थितींची गती एकत्रच वर-खाली करते, स्थितींमधला फरक ती मिटवू शकत नाही. तो मिटवायचा तर चाकाचा तोल, स्प्रिंगचा आकार, पिनांमधलं अंतर हे सगळं बघावं लागतं आणि ते कारागिराचं काम.

पिनांमधल्या अंतराची एक गंमत आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. स्प्रिंग पिनांमध्ये घट्ट आवळलेली नसते, केसाएवढी मोकळीक असते. झोका मोठा असताना स्प्रिंग दोन्ही पिनांना व्यवस्थित टेकते, झोका कमी झाला की ती मधल्या मोकळ्या जागेत जास्त वेळ तरंगते, तेवढा वेळ काम करणारी लांबी स्टडपर्यंत वाढते आणि घड्याळ मागे पडतं. म्हणून मोकळीक जास्त असलेलं घड्याळ चावी भरल्या भरल्या बरोबर चालतं आणि संध्याकाळनंतर मागे पडायला लागतं. हे ओळखायचं असेल तर पहिल्या बारा तासांची आणि पुढच्या बारा तासांची गती वेगवेगळी लिहायची. खूप फरक असेल तर दांडीने उपयोग नाही.

गोव्यात नेहमी दिसणारे बिघाड दोन, आणि दोन्हींत लोक आधी दांडी हलवतात. पहिला म्हणजे घड्याळ अचानक रोज पाच-दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त पुढे पळायला लागणं. काल बरोबर होतं आणि आज असं, तर गती बिघडलेली नसते, हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात आणि चिकटलेला वेढा म्हणजे तेवढी लांबी कमी. कारण बहुतेक वेळा चुंबक, स्पीकरवर किंवा पर्सच्या चुंबकी बटणाजवळ ठेवलेलं असतं. होकायंत्राजवळ घड्याळ नेल्यावर सुई थरथरली तर हेच. चुंबकत्व घालवणाऱ्या डीमॅग्नेटायझरवर ठेवून बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवून घड्याळ हळूहळू लांब न्यायचं, हातभर लांब गेलं की सोडायचं, झालं. चुंबक नसेल तर तेल स्प्रिंगवर उडालंय, ते धुवावं लागतं.

दुसरा बिघाड हळू येतो. समुद्राची हवा आणि चार महिने पाऊस, चावीजवळचं रबर गेलेलं, आत ओल जाते आणि जुनी स्टीलची हेअरस्प्रिंग गंजते. गंजलेली जागा पातळ होते, स्प्रिंगची ताकद जाडीच्या घनावर अवलंबून असते त्यामुळे थोडीशी पातळ झाली तरी घड्याळ जाणवण्याइतकं मागे पडतं. भिंगातून तपकिरी ठिपके दिसले तर ती स्प्रिंग बदलायची. दांडी प्लसच्या टोकाला पोचलीय आणि घड्याळ तरी मागेच पडतंय, हीही त्याचीच किंवा सुकलेल्या तेलाची खूण. आणि हो, झाकण भर पावसात उघड्या खिडकीजवळ उघडू नये, म्हापशाचा किंवा फोंड्याचा घड्याळवाला टेबल आतल्या बाजूला घेऊन बसतो ते उगाच नाही.

काही घड्याळांत बॅलन्सवर एकाखाली एक दोन दांड्या असतात. दुसरी दांडी स्टडच फिरवते, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं करायला. ती हलवली की स्टड आणि पिनांमधलं अंतरही बदलतं, त्यामुळे गतीही बिघडते आणि घड्याळ लंगडं टिकटिकायला लागतं. टाईमग्राफर हे आवाज ऐकून गती मोजणारं यंत्र असल्याशिवाय तिला हात लावू नये. मोबाईलवरही अशी अ‍ॅप आहेत, शांत खोलीत माइकला घड्याळ चिकटवून ठेवलं तर गतीचा अंदाज बऱ्यापैकी देतात.

अपेक्षा किती ठेवायची, तर अचूकतेची परीक्षा देणाऱ्या स्विस क्रोनोमीटर घड्याळाची रोजची सरासरी गती त्या परीक्षेत दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे एवढ्यात बसावी लागते, आणि ती नवी घड्याळं असतात. चाळीस वर्षांच्या जनताने दिवसाला वीस-तीस सेकंदांत राहिलं तर तक्रार करायला जागा नाही. काही महागड्या घड्याळांत मात्र ही दांडीच नसते. रोलेक्स आणि पाटेक फिलिपमध्ये चाकाच्या कडेवरची छोटी वजनं फिरवून गती बदलतात, स्प्रिंगची लांबी आहे तेवढीच राहते आणि पिनाच नसल्यामुळे त्यांच्या मोकळिकीचा प्रश्नच येत नाही, पण त्या वजनांसाठी वेगळी चावी लागते आणि ती नाक्यावरच्या दुकानात सहसा नसते.