चार्जर व अडॅप्टर यांची जुळणी

जुळणी म्हणजे एखादा चार्जर किंवा अडॅप्टर ठरावीक उपकरणाला चालेल की नाही, हे खरेदीपूर्वी तपासणे आणि विक्रेत्याने वर्णनात ते नेमके लिहिणे. पिन बसली की चार्जर चालतो, हा समज चुकीच्या खरेदीचे नेहमीचे कारण आहे. एकाच मापाच्या गोल पिनचे अडॅप्टर ९ व्होल्टचे मिळतात, १२ चे मिळतात आणि २४ चेही मिळतात. नुसत्या पिनकडे पाहून काहीच कळत नाही.

अडॅप्टरच्या लेबलवर इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी असतात. इनपुटचा संबंध भिंतीतल्या सॉकेटशी. भारतात तिथे २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०. लेबलवर १००–२४० व्होल्ट छापलेले असेल, तर तो अडॅप्टर दोन्हीकडे चालतो, फक्त प्लगला जोड लागतो. नुसते १२० असेल, तर तो इथे थेट लावला की जळणार, असेच धरून चालावे.

उपकरणाचा संबंध आउटपुटच्या ओळीशी. उदाहरणार्थ, घरातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर बिघडला आहे आणि राउटरच्या पाठीवर ‘१२ व्होल्ट, १ अँपिअर’ असे लिहिले आहे. खणात सेट-टॉप बॉक्सचा जुना अडॅप्टर सापडतो: १२ व्होल्ट, २ अँपिअर. तो चालतो. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टरची देण्याची कमाल ताकद. राउटर त्यातून स्वतःला हवा तेवढाच प्रवाह ओढतो. मात्र अडॅप्टर १२ व्होल्ट, अर्धा अँपिअर असा असेल, तर फसगत होते. दिवे लागतात, इंटरनेटही सुरू होते, पण चार-पाच मोबाइल एकदम जोडले गेले की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. दोष लाइनचा समजून तक्रारी होत राहतात. अडॅप्टरला हात लावला तर तो चांगलाच तापलेला लागतो, खूण तीच. व्होल्टच्या बाबतीत मात्र अशी सूट नाही. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर राउटरला लावला, तर आतला भाग कायमचा जळू शकतो.

व्होल्टच्या आकड्याशेजारचे चिन्हही पाहावे लागते. सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. नागमोडी रेघ म्हणजे एसी. काही अडॅप्टर एसीच बाहेर देतात आणि ते राउटरला चालत नाहीत. पिनच्या छोट्या आकृतीत मधल्या ठिपक्याला अधिक चिन्ह जोडलेले असते किंवा उणे. राउटरला बहुधा मध्ये अधिक लागते, गिटारच्या इफेक्ट पेडलना बहुधा मध्ये उणे. मापातही चकवा आहे. पहिला आकडा पिनच्या बाहेरच्या व्यासाचा, दुसरा आतल्या छिद्राचा, म्हणून ५.५ × २.१ आणि ५.५ × २.५ मिलिमीटर या दोन्ही पिन बाहेरून सारख्याच दिसतात. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये जाते, पण सैल बसते आणि वायर हलली की वीज तुटते.

टाइप-सीमध्ये धोका कमी, गोंधळ जास्त. पॉवर डिलिव्हरी या टाइप-सीच्या चार्जिंग पद्धतीचा चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि उपकरणाने मागितले तरच ९, १५ किंवा २० व्होल्टवर जातो. त्यामुळे ६५ वॉटच्या चांगल्या चार्जरने साधा मोबाइल जळत नाही. अडचण वेगळीच निघते. ६५ वॉट म्हणजे २० व्होल्टला ३.२५ अँपिअर, साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतचीच असते, म्हणजे ६० वॉट. त्यापुढे आत ओळख-चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. उलट, स्वस्त ट्रिमर किंवा स्पीकर दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण उपकरण जोडल्याची खूण देणारे दोन रेझिस्टर उत्पादकाने वगळलेले असतात. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की तेच उपकरण चार्ज होऊ लागते. ग्राहक ते बिघडलेले समजून परत करतात. वर्णनात एक ओळ असती, तर हे टळले असते.

गोल पिनच्या काही लॅपटॉपमध्ये मधली बारीक पिन चार्जरची ओळख पटवते. ओळख पटली नाही, तर लॅपटॉप सुरू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही.

म्हणून ‘सर्व लॅपटॉपना चालेल’ हे वर्णनच नव्हे. राउटरच्या अडॅप्टरचे वर्णन असे हवे: ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, आउटपुट १२ व्होल्ट डीसी, २ अँपिअर, पिन ५.५ × २.१ मिमी, मध्ये अधिक. १२ व्होल्ट व २ अँपिअरपर्यंतच्या राउटरसाठी. ९ व्होल्टच्या राउटरला लावू नये.’ लॅपटॉपसाठी मालिकेचे नाव पुरत नाही, कारण एकाच मालिकेत ४५ आणि ६५ वॉटची, वेगळ्या पिनची मॉडेल असतात. लॅपटॉपच्या पोटावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि जुन्या चार्जरचे आउटपुट, दोन्ही जुळवून घ्यावे.