पाच वाक्यांचे एक वाक्य

मुलांचे लेखन वयाबरोबर प्रौढ होत जाते म्हणजे नेमके काय होते, हे अमेरिकेतील भाषा-अभ्यासक केलॉग हंट यांनी 1965 साली चौथी, आठवी आणि बारावीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी लेखन तपासून मोजले. वाक्याची लांबी हे माप त्यांना फसवे वाटले, कारण लहान मुले ‘आणि’ लावत लावत पानभर वाक्य लिहू शकतात. म्हणून त्यांनी एक मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेली सर्व गौण वाक्ये मिळून एक एकक धरले. हे एकक चौथीत सरासरी साडेआठ शब्दांचे होते, तर बारावीत चौदा शब्दांच्या पुढे गेले.

पुढे त्यांनी तुटक वाक्यांचा एक उतारा देऊन तो नीट लिहायला सांगितला. त्याचा आरंभ मराठीत साधारण असा होईल: ‘ॲल्युमिनिअम हा धातू आहे. तो मुबलक सापडतो. तो बॉक्साइटपासून मिळतो. बॉक्साइट हे खनिज आहे. ते चिकणमातीसारखे दिसते.’ मधे ‘आणि’ घातले तरी एकके पाचच राहतात. आता हे पाहा: ‘मुबलक सापडणारा ॲल्युमिनिअम हा धातू चिकणमातीसारख्या दिसणाऱ्या बॉक्साइट या खनिजापासून मिळतो.’ सतरा शब्दांचे अकरा झाले, एकके पाचाची एक झाली आणि माहिती काहीही गळली नाही. ‘सापडतो’ आणि ‘दिसते’ ही क्रियापदे ‘सापडणारा’, ‘दिसणाऱ्या’ अशी विशेषणे होऊन नामाआधी जाऊन बसली, एवढीच यातली किमया.

मराठीत ही सोय फारच हाताशी असल्याने तिचा अतिरेकही होतो. ‘काल आलेल्या मामाच्या मुलीने पत्र दिले’ या वाक्यात काल कोण आले, मामा की मुलगी? ‘आलेल्या’ हे रूप दोघांनाही चालते, त्यामुळे वाचक अडखळतो. अशा वेळी ‘मामाची जी मुलगी काल आली, तिने पत्र दिले’ ही जो-तोची जुनी रचना थोडी ऐसपैस असली तरी अर्थ पक्का करते. काही ठिकाणी तर तिच्यावाचून चालतच नाही: ‘ज्याच्यापेक्षा राम उंच आहे तो मुलगा’ याचे विशेषण करून पाहावे, ‘राम उंच असलेला मुलगा’ असे काहीतरी अर्थहीन हाती येते.

‘ऊन’ची रूपे वापरताना दोन्ही क्रियांचा कर्ता सहसा एकच हवा. ‘गाडीतून उतरून पाऊस सुरू झाला’ असे लिहिले की गाडीतून पाऊसच उतरतो. ‘आम्ही गाडीतून उतरलो तोच पाऊस सुरू झाला’ असे म्हटले की ‘तोच’ या एका शब्दाने दोन कर्ते वेगळे राहतात आणि दोन घटनांमधले अंतरही कळते, जे नुसत्या ‘आणि’ने कळले नसते.