‘पाठ’ की ‘कंबर’: मराठी प्रश्नावलीची पार्श्वभूमी

कंबरदुखीमुळे रोजच्या हालचालींत किती अडचण येते हे मोजणारी दहा भागांची इंग्रजी प्रश्नावली १९८० मध्ये आली. कोल्हापुरातल्या थिसिसमध्ये अशी प्रश्नावली घेतली, की ‘पद्धती’ विभागात एक वाक्य ठरलेलं: ‘भाषांतर व उलट भाषांतर करून प्रमाणित केली.’ घोळ याच वाक्यात आहे.

उलट भाषांतर रूढ झालं ते १९७० नंतर, मानसशास्त्रातून. मराठी मसुदा दुसऱ्या कुणी पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून बघायचे. स्थानिक भाषा न येणाऱ्या संशोधकाची ती सोय होती. आपल्याकडे मार्गदर्शक, विद्यार्थी, रुग्ण सगळे मराठी, तरी हाच मुख्य पुरावा होऊन बसला.

तो फसतो कसा, ते बघा. ‘बॅक’चं ‘पाठ’ केलं की उलट भाषांतरात ‘बॅक’च परत येतं आणि समिती खूश होते. ओपीडीतल्या मावशी मात्र ‘पाठ’ म्हटल्यावर हात खांद्याच्या फऱ्याकडे नेतात आणि म्हणतात, “पाठ न्हवं, कंबर दुखतीया.” ‘आवडत्या खुर्चीत’ बसण्याचा पर्यायही असाच शब्दशः पास होतो. जेवायला, भाजी निवडायला जमिनीवर मांडी घालणाऱ्या बाईने तिथं काय टिकमार्क करायचा? उलट भाषांतराला शब्दशः मसुदाच जास्त मानवतो, हे त्याचं मूळ दुखणं.

प्रश्नावलीच्या भाषांतरासाठी २००० साली मांडलेल्या टप्प्यांनी यावर बरंचसं उत्तर दिलं. मराठीत आणणारे दोघे, त्यांतला एक विषयाशी अनभिज्ञ. मग दोन्हींचा मेळ, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, समिती, आणि शेवटी ३० ते ४० रुग्णांवर चाचणी, तीही ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारून. उलट भाषांतर करणाऱ्याची मातृभाषा इंग्रजी असावी, ही अट इथं अवघडच. बहुतेकदा इंग्रजीचे प्राध्यापक ते काम करतात. करू देत, पण तसं लिहावं.

‘प्रमाणित’ हा शब्द तर याच्याही पुढचा. प्रश्नांची आपसातली सुसंगती मोजणारा आल्फा ०.८५ आला म्हणून प्रश्नावली प्रमाणित होत नाही. सगळे प्रश्न एका सुरात उत्तरं देतात, एवढंच त्यातून कळतं, आणि सगळीकडे ‘पाठ’ छापलं असलं तरी तो सूर लागू शकतो. दुखणं बदललेलं नसताना त्याच रुग्णांनी काही दिवसांनी पुन्हा भरल्यावर गुण जुळतात का, आणि दुखण्याच्या दुसऱ्या मापाशी ते अपेक्षेप्रमाणे हलतात का, हे वेगळं तपासावं लागतं. यातलं काही झालं नसेल, तर ‘भाषांतरित’ एवढाच शब्द खरा.

शिवाय अनेक ठिकाणी प्रश्न रेसिडेंट वाचून दाखवतो, नातेवाईक मधेच उत्तर देतो, आणि थिसिसमध्ये छापलं जातं, ‘रुग्णांनी स्वतः भरली.’